नेरळ की नेरूळ: चालकाला कसं सांगावं?

मृणाल: आईबाबा ठाण्याहून टॅक्सीने नेरळला जाणार आहेत. फोनवर चालकाला तीनदा ‘नेरळ’ सांगितलं, तरी तो नवी मुंबईतलं नेरूळच धरून बसला होता. फरक ऐकू यावा असा उच्चार कसा करायचा?

सुहास: ‘रू’ चांगला लांबवायचा. नेरळमध्ये ‘र’ आखूड आहे, नेरूळमध्ये दीर्घ ऊ. नीट उच्चारलं की गोंधळ होत नाही.

वासंती: सुहास, उच्चाराचं बरोबर आहे, पण मृणालला सांगायचंय नेरळ. लांबवायला त्यात काहीच नाही. ‘नेरळ’ जोरात म्हटलं तरी ज्याच्या मनात नेरूळ आहे त्याला नेरूळच ऐकू येतं. शिवाय हिंदीभाषक चालकाच्या तोंडी दोन्हीकडे ळचा ल होतो, म्हणजे सगळा फरक मधल्या एका स्वरावर येतो. रोमन लिपीतही तेच, Neral आणि Nerul. नाव कितीही घासलं तरी उपयोग नाही, त्याला जोड द्यायला हवी.

दिलीप: आमच्याकडे वसई आणि वाशीचं असंच होतं. मी सरळ ‘पश्चिम रेल्वेची वसई’ म्हणतो.

सुहास: मग ‘कर्जतच्या अलीकडचं नेरळ’ म्हणावं.

वासंती: ठाण्याहून निघताना ठीक. पुण्याकडून येणाऱ्याला तेच नेरळ कर्जतच्या पलीकडे लागतं. ‘अलीकडे-पलीकडे’ हे शब्द बोलणारा कुठे उभा आहे त्यावर फिरतात, म्हणून ‘कर्जतजवळचं’ बरं. ‘रायगडमधलं’ही पुरेसं नाही, नेरूळ ठाणे जिल्ह्यात असलं तरी नवी मुंबईला लागून असलेला पनवेल, उलव्याचा भाग रायगडमध्येच येतो.

मृणाल: वासंतीताई, ‘माथेरानचं नेरळ’ चालेल?

वासंती: ओळख पटकन पटते. पण काही जण त्यातलं ‘माथेरान’ तेवढं धरतात आणि घाट चढून थेट दस्तुरी नाक्यापर्यंत नेतात. त्यापेक्षा पूर्ण वाक्य म्हण: ‘नेरळ स्टेशनला जायचंय, माथेरानची छोटी गाडी सुटते तिथे.’ मग ‘कळलं ना?’ असं विचारू नकोस, त्याला उत्तर ‘हो’च येतं. ‘कुठून नेणार?’ विचार. बदलापूर, वांगणी म्हणाला तर बरोबर. ऐरोली, तुर्भे म्हणाला तर तो नेरूळला निघालाय, आणि हे गाडीत बसण्याआधीच कळतं.

दिलीप: पिनकोड द्यावा की. नेरळचा ४१०१०१, नेरूळचा ४००७०६.

वासंती: लिहून पाठवताना उत्तम, दिलीपराव. बोलताना मात्र चालक आकडे कुठे लक्षात ठेवणार?

सुहास: मला अजूनही ‘कर्जतजवळचं’च सुटसुटीत वाटतं. छोटी गाडी माहीत नसलेलेही चालक असतात.

मृणाल: आईला दोन्ही लिहून देते. रस्ता विचारायचं काम बाबांकडे.