‘रुब्रिक’ला मराठीत काय म्हणावं?

रामबागकर: इंदुरात आमच्या रविवारच्या मराठी वर्गासाठी उताऱ्यावरच्या प्रश्नांचं रुब्रिक, म्हणजे कुठल्या उत्तराला किती गुण द्यायचे ते, करतोय. मराठी शब्द ‘निकष’च ना?

जुनी मास्तरीण: अर्धंच बरोबर. निकष म्हणजे कसोटीचा दगड. रुब्रिकमधली एक ओळ म्हणजे एक निकष. अख्ख्या गोष्टीला मी ‘गुणदान तक्ता’ म्हणते. त्यात निकष, पातळ्या आणि प्रत्येक पातळीचं वर्णन, तिन्ही येतं.

चिमणबाग: आमच्याकडे ‘आदर्श उत्तरं’ छापून देतात. तेच की हे.

जुनी मास्तरीण: नाही हो. आदर्श उत्तर एकच असतं, मुलं तीस तऱ्हांनी लिहितात. समजा, उताऱ्यात आहे की इंदूरला नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं, सुमारे ७० किलोमीटर लांबून, आणि नदी पठाराच्या बरीच खाली असल्यानं ते पंपांनी चढवावं लागतं. प्रश्न: ‘हे पाणी आणायला खर्च जास्त का येतो?’ गुण २. तक्त्यात लिहा: अंतराचं कारण १, चढवण्याचं कारण १. ‘पाणी जपून वापरावं’ला शून्य, वाक्य खरं असलं तरी ते प्रश्नाचं उत्तर नाही. ‘समाधानकारक’, ‘बऱ्यापैकी’ असली विशेषणं मात्र वर्णनात नकोत. एकाचं बऱ्यापैकी दुसऱ्याला कच्चं वाटतं, आणि त्याच वहीला दोघे वेगळे गुण देतात.

रामबागकर: तक्ता बरोबर झाला हे कसं कळणार?

जुनी मास्तरीण: वीसेक वह्या दोघांनी एकमेकांचे गुण न बघता तपासा. जिथे गुण जुळत नाहीत, ती उत्तरं समोर ठेवून तक्त्यातले शब्द बदला. तपासणाऱ्याला दोष देऊ नका, बहुतेकदा वर्णनच ढिलं असतं.

चिमणबाग: आणि शुद्धलेखन? माझा भाचा ‘पाणी वर चढवावा लागतो’ लिहितो. हिंदीची सवय.

जुनी मास्तरीण: पूर्ण गुण. इथे समज तपासायची आहे, लिंग नाही. भाषेचे गुण हवेच असतील तर वेगळा निकष घ्या, याच दोनांतून कापू नका.

रामबागकर: मग हे बघा, कालच्या वहीतलं: ‘नदी खाली आहे म्हणून खर्च येतो.’ घरी हिंदी बोलणारा मुलगा आहे. खाली म्हणजे सखल, की हिंदीतलं ‘रिकामी’?

जुनी मास्तरीण: वा! मी १ देईन. लिहिलेल्या मराठीला गुण, मनातल्या हिंदीला नाही.

चिमणबाग: पण पुढच्या ओळीत ‘पाणी संपलं’ असेल तर?

रामबागकर: आहे ना! ‘उन्हाळ्यात पाणी संपतं’ असं लिहिलंय.

जुनी मास्तरीण: मग शून्याकडे झुकते. तरी त्याला तोंडी विचारून बघा, आणि हे उत्तर तक्त्याखाली नमुना म्हणून चिकटवा. दुसरा तपासनीस इथेच अडखळणार.