मदत हवी आहे: घाऊक किराण्याच्या ग्राहकांचे गट पाडले, पण यादी पटत नाहीये

वाशी_पुरवठा: पाडव्याच्या आधी स्कीम जाहीर करायची आहे, वेळ अजिबात नाही. टॅलीतून तीन महिन्यांचं सेल्स रजिस्टर एक्सेलमध्ये काढलं. प्रत्येक पार्टीची बिलं किती आणि सरासरी बिल केवढ्याचं, यावर चार गट केले. महिन्याला 6 च्या वर बिलं म्हणजे ‘वारंवार’, सरासरी 15,000 च्या वर म्हणजे ‘मोठं’. निम्म्याहून जास्त पार्ट्या ‘वारंवार पण लहान’मध्ये गेल्या. त्यांना ‘मोठी ऑर्डर द्या, सूट घ्या’ द्यायचं ठरलं होतं. काकांनी यादीतल्या परळच्या एका खानावळीवर बोट ठेवलं, म्हणाले, हा आठवड्याला एकदाच माल उचलतो आणि भरपूर उचलतो, हा लहान कसा? सूत्रं बरोबर आहेत. मग कुठे अडतंय?

आकडेमोड: हाताने सीमा ठरवल्यात म्हणून. के-मीन्स लावा, गट आपोआप पडतील. 6 आणि 15,000 कुठून आणले?

मुनीमजी: थांबा. त्या खानावळीला तांदूळ कसा देता, 30 किलोच्या गोणीत की 5 किलोच्या पाकिटांत?

वाशी_पुरवठा: तांदळाचा इथे काय संबंध? गोणीतच. डाळही गोणीत. शिवाय तेलाचे डबे, साखर, मसाले.

मुनीमजी: संबंध आहे. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर 5 टक्के जीएसटी आहे. 30 किलोची गोण त्यात येत नाही, तेल-साखर मात्र करपात्र. म्हणजे एकाच टेम्पोतल्या मालाची तुमच्याकडे दोन बिलं होत असणार, गोणींचं बिल ऑफ सप्लाय आणि बाकीचं टॅक्स इनव्हॉइस. खात्यात एकाच तारखेला जोडीने बिलं दिसतात का बघा.

वाशी_पुरवठा: दिसतात! प्रत्येक तारखेला दोन. खानावळीची 24 बिलं, एकूण 2,16,000.

मुनीमजी: मग ऑर्डरी 12 आणि सरासरी 9,000 ऐवजी 18,000. काका बरोबर आहेत. तुमच्या स्कीमने तो आजही घेतोय त्याच मालावर सूट गेली असती. A मध्ये तारीख, B मध्ये पार्टी असेल तर शेजारच्या स्तंभात हे टाकून खाली ओढा:

```
=IF(COUNTIFS(A$2:A2,A2,B$2:B2,B2)=1,1,0)
```

या स्तंभाची पार्टीवार बेरीज म्हणजे ऑर्डरी. एकूण रकमेला तिने भागा. परतीच्या क्रेडिट नोटा आधी काढा, नाहीतर त्याही ऑर्डर म्हणून मोजल्या जातील.

आकडेमोड: के-मीन्सनेही हे निघालं असतं.

मुनीमजी: नसतं निघालं. त्यालाही 24 आणि 9,000 च दिले असते. सीमा कुठून आणल्या हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे. 6 ही सीमा बिलांवर ठरली होती, ऑर्डरींवर ती चालणार नाही.

घाटकोपर_किराणा: माझं छोटं दुकान आहे. साखरेचं पोतं सध्या कितीला देताय? घाटकोपरला टेम्पो येतो का?

वाशी_पुरवठा: दादा, व्यनि करा. इथे दुसरं चाललंय.

मार्जिनवाली_ताई: मी फरसाण-मसाल्याची एजन्सी चालवते. इतकं गणित कशाला? सगळ्यांना 20,000 च्या वर 2 टक्के द्या, उधारी चोख असेल तरच. आमच्याकडे चालतं.

मुनीमजी: उधारीचं पटलं, पण ताई, तुमच्या मालाला मार्जिन आहे. साखर-तेलात ते इतकं कमी की 2 टक्क्यांत सगळं जाईल. सूट मसाले, पापड, सुक्या मेव्यावर ठेवा. आणि 20,000 सगळ्यांना कसं? 18,000 वाल्याला ते एका डब्यात गाठता येतं, 7,000 वाला प्रयत्नच करणार नाही. ज्याच्या-त्याच्या नेहमीच्या ऑर्डरीच्या थोडं वर लक्ष्य द्या, खानावळीला 21,000 वगैरे.

मार्जिनवाली_ताई: प्रत्येक पार्टीला वेगळं लक्ष्य? सेल्समन लक्षात कसं ठेवणार? दोन दुकानदार भेटले की बोलतात, मग फोन आपल्यालाच येतात.

मुनीमजी: खरंय. मग तीन पायऱ्या ठेवा, त्याहून जास्त नको.

वाशी_पुरवठा: बिलं जोडून पुन्हा केलं. ‘वारंवार पण लहान’ गट बराच आटला, आता त्यात खरोखर छोटी किराणा दुकानंच उरली. पण नवीनच अडलंय. भांडुपच्या लाइनवरच्या सगळ्या पार्ट्या ‘कमी वेळा, मोठं’मध्ये एकगठ्ठा बसल्यात.

मुनीमजी: तिकडे टेम्पो किती वेळा जातो?

वाशी_पुरवठा: पंधरा दिवसांतून एकदा.

मुनीमजी: मग ती ग्राहकांची सवय नाही, तुमच्या टेम्पोचं वेळापत्रक आहे. प्रत्येक लाइनची तुलना तिच्याच आत करा. मधल्या दिवसांत ते दुसऱ्याकडून घेतात का, हे तुमच्या रजिस्टरमध्ये कधीच दिसणार नाही. सेल्समनला विचारा.

आकडेमोड: किंवा महिनाभर टेम्पो दर आठवड्याला पाठवून बघा.

वाशी_पुरवठा: डिझेल काका देणार नाहीत. भांडुप या स्कीममधून बाहेर ठेवतोय. त्या लाइनवर कोणी मागणी तपासली असेल तर कशी, ते सांगा.