मदत हवी आहे: स्कॅनमध्ये ‘द्य’चा ‘ध’ किंवा ‘घ’ होतोय

सोसायटीतल्या अमराठी शेजाऱ्यांसाठी मी मराठी नोटिसा स्कॅन करून इंग्रजीत देते. मतदानाआधीच्या नोटिशीत ‘मद्यविक्री बंद राहील’ असं होतं. झेरॉक्समध्ये ‘द’खालचा बारीक ‘य’ पुसट झालेला. ओसीआरने ‘मधविक्री’ वाचलं आणि इंग्रजीत बंदी मधावर आली! गणपतीच्या नोटिशीत ‘वाद्य’चा ‘वाघ’ झाला. मध आणि वाघ हे खरेच शब्द, त्यामुळे स्पेलचेकला काही खटकत नाही. वाचणाऱ्याला मूळ मराठी येत नसल्याने त्यालाही शंका येत नाही.

मी हे वापरते:

```
tesseract notice.png out -l mar tsv
```

स्कॅन ३०० डीपीआयचा आहे. `conf`चा आकडा कमी असलेले शब्द तपासते, पण ‘मध’सारखे शब्द त्यातून निसटतात. जुन्या छपाईतल्या जोडाक्षरांसाठी कुणी वेगळं मॉडेल ट्रेन केलंय का? की संशयित शब्दांची यादी करून हातानेच तपासायचं?