मदत हवी आहे: फोन पडून असला की एकाच मेल अ‍ॅपच्या नोटिफिकेशन तासन्‌तास येत नाहीत

रातकिडा

अँड्रॉइड १४ आहे, पण कंपनीने वरून स्वतःचं रूप चढवलेलं. ऑफिसच्या मेलसाठी वेगळं अ‍ॅप आहे, खातं आयमॅपचं, 'दर १५ मिनिटांनी तपासा' असं लावलंय. दिवसा फोन हातात असतो तेव्हा मेल वेळेवर येतात. रात्री फोन टेबलावर ठेवला की गठ्ठ्याने येतात. व्हॉट्सअ‍ॅप मात्र त्याच वेळी, त्याच वायफायवर, त्याच क्षणी वाजतं, त्यामुळे नेट गेलेलं नाही हे नक्की. नोटिफिकेशनची परवानगी चालू आहे, आवाज चालू आहे, डू नॉट डिस्टर्ब बंद आहे. अ‍ॅप काढून पुन्हा टाकून झालं. रात्री सर्व्हर बंद पडल्याची सूचना त्याच मेलवर येते, म्हणून हे सोडवणं भाग आहे.

बंडोपंत

बॅटरी सेव्हर बंद करा. अ‍ॅपची कॅशे साफ करा. आणि रोज झोपण्यापूर्वी रिसेंटमधली सगळी अ‍ॅप्स बंद करून टाका, म्हणजे रॅम मोकळी राहते आणि मेल अ‍ॅपला जागा मिळते. माझ्याकडे यानेच काम झालं.

मेघमल्हार

मलाही हाच त्रास होता! मेल यायचा, वरच्या पट्टीत चिन्ह दिसायचं, पण आवाजच नाही. नोटिफिकेशन दाबून धरली तर ती 'सायलेंट'वर गेलेली होती. 'डिफॉल्ट' केलं, झालं.

रातकिडा

@मेघमल्हार, माझ्याकडे चिन्हही दिसत नाही. नोटिफिकेशन येतच नाही, आणि आली की चार-पाच एकदम येतात.
@बंडोपंत, बॅटरी सेव्हर आधीपासून बंदच आहे. रिसेंटमधून सगळं बंद करायची सवय मलाही आहे.

तारघर

दोन गोष्टी सांगा. फोन किती वाजता ठेवला, कोणता मेल सर्व्हरवर कधी पोचला आणि नोटिफिकेशन कधीची आहे? आणि एक रात्र फोन चार्जरला लावून तसाच ठेवून बघा. तोवर सेटिंगला हात लावू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

रातकिडा

काल रात्री १०:३० ला ठेवला, सकाळी ७ पर्यंत हात लावला नाही. ११:५० चा मेल १२:३५ ला आला. १:१५ चा २:४० ला. त्यानंतर ३:०५, ४:२० आणि ५:३० चे तिन्ही ६:४५ ला एकदम.
आज रात्री चार्जरला लावला होता. सगळे मेल पंधरा-वीस मिनिटांत आले! चार्जरचा मेलशी काय संबंध?

तारघर

संबंध आहे, आणि तुमच्या वेळांमधून तो स्पष्ट दिसतो. १२:३५, २:४०, ६:४५. पहिलं अंतर दोन तासांचं, दुसरं चार तासांचं. असं दुपटीने वाढणारं अंतर हे डोझचं लक्षण. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून ते आहे. फोन चार्जरवर नाही, स्क्रीन बंद आणि फोन जागेवरून हललेला नाही, असं बराच वेळ राहिलं की फोन गाढ झोपतो. मग मागे चालणाऱ्या अ‍ॅप्सचं नेट तोडलं जातं आणि त्यांचे ठरलेले गजर पुढे ढकलले जातात. अधूनमधून थोडा वेळ खिडकी उघडते, तेवढ्यात सगळ्यांनी आपापली कामं उरकायची. मूळ अँड्रॉइडमध्ये पहिली खिडकी तासाभराने उघडते, मग दोन तासांनी, मग चार, आणि जास्तीत जास्त सहा. कंपन्या हे आकडे बदलू शकतात, तुमच्या कंपनीने बहुधा बदललेले नाहीत. चार्जरला फोन लावला की डोझ लागतच नाही, म्हणून आजची रात्र बरी गेली.

व्हॉट्सअ‍ॅप का वाजतं? ते स्वतः सर्व्हरकडे विचारायला जात नाही. गूगल प्ले सर्व्हिसेसची एक जोडणी सगळ्या अ‍ॅप्ससाठी मिळून कायम उघडी असते, आणि तिच्यावरून 'तातडीचा' शिक्का असलेला निरोप आला की डोझमध्येही त्या अ‍ॅपला काही क्षण जागं केलं जातं. तुमचं मेल अ‍ॅप मात्र दर पंधरा मिनिटांनी स्वतः दार ठोठावतं. झोपेत ते ठोठावणंच बंद होतं.

आता उपाय. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, तिथे ते मेल अ‍ॅप, मग बॅटरी. तीन पर्याय दिसतील: अनरिस्ट्रिक्टेड, ऑप्टिमाइझ्ड, रिस्ट्रिक्टेड. तुमचं मधल्यावर असणार. पहिलं निवडा. काही फोनमध्ये 'बॅकग्राउंडला परवानगी द्या' या ओळीवर नुसतं बटण असतं, पण त्या ओळीच्या मजकुरावर टॅप केल्यावरच आतला अनरिस्ट्रिक्टेड दिसतो. बटण चालू आहे एवढं पाहून लोक परत फिरतात, तसं करू नका.

बंडोपंत

म्हणजे मी म्हटलं तेच, बॅटरीचा प्रश्न आहे. बॅटरी सेव्हर बंद करा.

तारघर

बॅटरीचा प्रश्न आहे हे बरोबर, पण बॅटरी सेव्हर वेगळा. तो तुम्ही चालू करता किंवा टक्के कमी झाले की चालू होतो. ऑप्टिमायझेशन १०० टक्के बॅटरीवरही चालूच असतं आणि प्रत्येक अ‍ॅपला वेगळं लागू होतं. आणि रिसेंट साफ करण्याचा सल्ला इथे उलटा पडेल. मूळ अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप सरकवून टाकलं तरी त्याची ठरलेली कामं टिकतात. पण काही कंपन्यांच्या फोनमध्ये सरकवणं म्हणजे जवळपास 'फोर्स स्टॉप'च असतं. फोर्स स्टॉप झालेलं अ‍ॅप तुम्ही स्वतः उघडेपर्यंत जागं होत नाही, त्याला प्ले सर्व्हिसेसवरून आलेला निरोपही पोचत नाही. रातकिडा, ही सवय निदान या अ‍ॅपपुरती मोडा. रिसेंटमध्ये अ‍ॅपचं कार्ड दाबून धरल्यावर कुलूप दिसत असेल तर लावून टाका.

उंबरठा

माझा आयफोन आहे, मेल असेच उशिरा येतात. तिथे अनरिस्ट्रिक्टेड कुठे सापडेल?

तारघर

तिथे असा पर्याय नाही. मेलच्या खात्यांमध्ये 'फेच न्यू डेटा' बघा. खातं पुशवर आहे की फेचवर, ते कळेल. लो पॉवर मोड चालू असेल तर फेच थांबतं, ते आधी तपासा. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे गोंधळ होईल.

रातकिडा

अनरिस्ट्रिक्टेड केलं, कुलूपही लावलं. काल रात्री फरक पडला, पण पूर्ण नाही. रात्री १ पर्यंतचे मेल वेळेवर आले. त्यानंतर एकही नाही. सकाळी अ‍ॅप उघडल्यावर सगळे आले. यावेळी गठ्ठेही नाहीत, सरळ शांतता.

सुतळी

शांतता असेल तर डोझ नाही, कोणीतरी अ‍ॅप मारलं. कंपनीचं स्वतःचं बॅटरी मॅनेजर अ‍ॅप बघा. अँड्रॉइडच्या यादीशी त्याचा काही संबंध नसतो, त्याची यादी वेगळी. कुठे 'ऑटोस्टार्ट' म्हणतात, कुठे 'स्लीपिंग अ‍ॅप्स' आणि 'डीप स्लीपिंग अ‍ॅप्स'. डीप स्लीपमध्ये असेल तर तिथून काढा आणि 'नेव्हर स्लीपिंग'मध्ये टाका, नुसतं काढलं तर काही दिवसांनी ते परत तिथे जाऊन बसू शकतं. सिस्टिम अपडेटनंतरही या याद्या एकदा बघायच्या, कधी कधी पूर्ववत होतात.

रातकिडा

सापडलं! ऑटोस्टार्ट बंद होतं. चालू केलं. आता रात्रीची वाट न बघता तपासायचा काही मार्ग आहे का? रोज एक रात्र जाते.

तारघर

आहे. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डिबगिंग चालू करा, फोन लॅपटॉपला जोडा, आधी अ‍ॅप कोणत्या गटात आहे ते बघा. `com.example.mail` च्या जागी तुमच्या अ‍ॅपचं पॅकेज नाव टाका.

```
adb shell am get-standby-bucket com.example.mail
```

उत्तरात नुसता आकडा येतो. ५ आला तर अ‍ॅप सवलतीच्या यादीत आहे, म्हणजे अनरिस्ट्रिक्टेड खरोखर लागू झालंय. १०, २०, ३०, ४० म्हणजे सवलत नाही, आणि आकडा जितका मोठा तितकं अ‍ॅप तुमच्या वापरात कमी, तितकी त्याच्यावर बंधनं जास्त. ४५ म्हणजे रिस्ट्रिक्टेड.

मग स्क्रीन बंद करा आणि फोनला जबरदस्तीने झोपवा:

```
adb shell dumpsys battery unplug
adb shell dumpsys deviceidle force-idle
```

पहिली आज्ञा महत्त्वाची. केबल जोडलेली असल्याने फोनला आपण चार्ज होतोय असं वाटतं, ते आधी मोडावं लागतं. दुसरीनंतर `Now forced in to deep idle mode` असं दिसलं पाहिजे. आता दुसऱ्या खात्यावरून स्वतःला मेल पाठवा आणि फोनला हात न लावता वीस-पंचवीस मिनिटं थांबा. झालं की हे दोन्ही विसरू नका:

```
adb shell dumpsys deviceidle unforce
adb shell dumpsys battery reset
```

शेवटची आज्ञा राहिली तर चार्जर लावूनही फोन 'चार्ज होत नाही' असंच दाखवत राहतो, आणि मग लोक केबल बदलत बसतात.

रातकिडा

आधी ३० होता म्हणे (जुन्या फोनवर तेच अ‍ॅप आहे, त्यावर तपासलं, तिथे काही बदललेलं नाही). या फोनवर ५. झोपवून पाठवलेला मेल १४ मिनिटांनी आला. म्हणजे जमलं. पण सर्व्हर पडल्यावर पंधरा मिनिटंही जास्तच. अ‍ॅपमध्ये 'पुश' असा पर्याय आहे, तो लावू का?

सुतळी

लावा. कायमची एक नोटिफिकेशन वर बसेल, ती लपवावीशी वाटली तर चॅनल बंद करा, पण अ‍ॅपची परवानगी काढू नका.

तारघर

पुशमध्ये अ‍ॅप सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवून गप्प बसतं. मेल आला की सर्व्हरच कळवतो. मेख अशी की ती जोडणी २९ मिनिटांच्या आत ताजी करावी लागते, आणि त्यासाठी अ‍ॅपने कोणत्या प्रकारचा गजर लावलाय त्यावर सगळं आहे. साधा गजर डोझमध्ये सवलत असूनही वाजत नाही. तसं असेल तर जोडणी मरते आणि वर 'मेलची वाट पाहत आहे' हे तसंच दिसत राहतं. म्हणून तपासताना फोन झोपवून किमान तासभर ठेवा आणि मगच मेल पाठवा. पाच मिनिटांत आलेला मेल काहीच सिद्ध करत नाही.

रातकिडा

तासभर ठेवून तीनदा केलं. मोबाईल डेटावर तिन्ही मेल काही सेकंदांत. वायफायवर दोन लगेच, एक २५ मिनिटांनी.

सुतळी

राउटर. निवांत पडलेल्या जोडण्या तो लवकर कापत असेल.

तारघर

असू शकतं, पण तीनपैकी एकावरून सांगणार नाही. अ‍ॅपमध्ये पुशची जोडणी ताजी करण्याचा कालावधी बदलता येत असेल तर २४ वरून १० मिनिटं करा आणि वायफायवर निदान दहा मेल पाठवून बघा. तेव्हाही एखादा अडकला तर अ‍ॅपचा लॉग काढावा लागेल.

रातकिडा

कालावधी बदलता येतो. १० केलं. दोन रात्रींनी आकडे टाकतो. तोवर सर्व्हरच्या सूचनेसाठी एसएमएसही चालू ठेवलाय.