मदत हवी आहे : सूट आणि नफा एकाच उदाहरणात कसे आणावेत?

पाचवीसाठी शेकडेवारीची शाब्दिक उदाहरणे तयार करते आहे. सूट वेगळी, नफा वेगळा असला की मुले पटापट सोडवतात. दोन्ही एकत्र आले की गाडी अडते, कारण सूट छापील किमतीवर असते आणि नफा खरेदी किमतीवर.

मी केलेले उदाहरण असे : दुकानदाराने एक दप्तर 200 रुपयांना आणले, त्यावर 300 रुपये किंमत छापली आणि 20 टक्के सूट देऊन विकले. शेकडा नफा किती?

सूट 60, विक्री 240, नफा 40, म्हणजे 200 वर 20 टक्के. दोन्हीकडे 20 टक्केच, पण रुपये एकदा 60 आणि एकदा 40. हे मी मुद्दाम ठेवले आहे, वर्गात यावरून चांगली चर्चा होते. काही जण सूट 200 वरच काढतात आणि 160 ला विकून तोटा झाला म्हणतात. ती चूक लगेच दिसते.

अडचण नफ्याची आहे. कोणी 40 ला 240 ने भागले तर उत्तर अपूर्णांकात येते, मूल बिचकते आणि स्वतःच मागे फिरते. उलट 200 ची वस्तू 250 ला विकली असे दिले, तर बरोबर उत्तर 25 आणि विक्री किमतीवर काढलेले चुकीचे उत्तर 20. दोन्ही पूर्णांक! मुलाला शंका येत नाही, पण मला चूक नेमकी कळते.

सरावाला पहिल्या प्रकारचे आकडे आणि चाचणीला दुसऱ्या प्रकारचे, असे करावे का? ‘खरेदी किमतीवर’ हे शब्द प्रश्नात लिहावेत की गाळावेत? कोणी असे संच केले असतील तर दोन-तीन उदाहरणे पाठवा.