पहिल्याच कॉलवर बजेट विचारावं का?

दादर_पश्चिम: वेबसाइट आणि छोटी अ‍ॅप्स करतो. पहिला कॉल मस्त होतो, "कोटेशन पाठवा" म्हणतात आणि मग गायब. कॉलवर नेमकं काय विचारायचं, काम पक्कं कसं करायचं? बजेट थेट विचारू?

गिरगावकर: थेट विचारा, पहिल्या पाच मिनिटांत. आकडा नाही सांगितला तर रामराम.

भांडुप_ते_बीकेसी: पैशाचा विषय त्याच कॉलवर निघायला हवा, पण सुरुवातीला नको. आल्या आल्या आकडा मागितला की "तुम्हीच सांगा" ऐकावं लागतं, नाहीतर मुद्दाम कमी सांगतात.

वसईच्या एका पॅकेजिंगवाल्याला ऑर्डर घ्यायचं अ‍ॅप हवं होतं. मी अ‍ॅपचं काहीच विचारलं नाही. म्हटलं, कालची शेवटची ऑर्डर कशी आली ते सांगा. तर व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज येतो, ऑफिसातली मुलगी वहीत उतरवते, संध्याकाळी टॅलीत चढवते. चुकतं कुठे? खोक्याच्या मापात. महिन्याला तीन-चार ऑर्डरी परत येतात. एक परत आली की टेम्पो आणि वाया गेलेला माल धरून किती जातात? तो हिशेब करत बसला, मग म्हणाला, पंधरा हजार तरी. तेव्हा मी बोललो, "दीड ते अडीच लाखांत होईल, जमेल?" घासाघीस झाली, पण दचकला नाही.

मग दोनच प्रश्न. हे आत्ताच का काढलंत? मोठं गिऱ्हाईक चिडलं होतं. होकार कोण देणार? थोरला भाऊ! म्हणून कोटेशन मेल केलंच नाही. फोन ठेवायच्या आधी भावासह गुरुवारी ११ची वेळ ठरवली आणि तिथे स्क्रीनवर तिघांनी मिळून वाचलं. पहिल्या टप्प्यात फक्त मापाचा फॉर्म, ४० टक्के आगाऊ.

गिरगावकर: म्हणजे तासभर फुकट सल्ला. दुखणं कळलं की तो भाच्याकडून गूगल फॉर्म करून घेईल.

भांडुप_ते_बीकेसी: त्यावर भागत असेल तर करू दे. असं काम घेऊन पुढे भांडणच होतं.

डोंबिवलीची_सुगरण: माझं केटरिंग आहे. आम्ही चवीला ताट फुकट देतो, ते बंद करू का?

गिरगावकर: ताई, ताट चालू ठेवा. पत्ता कळवा.

वहीखाते: रजिस्ट्रेशन असेल तर आकडा सांगतानाच "अधिक जीएसटी" म्हणा. दीड लाख म्हणून बिलात १८ टक्के चढवलेत की पार्टी बिथरते.

दादर_पश्चिम: पण माझ्याकडे येणारे बहुतेक नवे धंदेवाले. अजून काही विकलंच नाही, तर तोटा कसला काढू?

गिरगावकर: म्हणूनच म्हणतोय, बजेट विचारा.

भांडुप_ते_बीकेसी: तिथे तुमचं बरोबर. तरी मी आधी विचारेन, पैसे स्वतःचे लावताय की वडिलांचे. वडिलांचे असतील तर पुढच्या कॉलला तेही हवेत.