रिसेप्शनचं भाषण रडकं झालं होतं, मग हसरं कसं केलंत? अनुभव सांगा

रेवडी
परवा माळा आवरताना धाकट्या बहिणीच्या रिसेप्शनसाठी लिहिलेल्या भाषणाचा पहिला कागद सापडला. दोन पानं, पाठपोट. आदल्या रात्री आत्येभावाला वाचून दाखवलं होतं. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कधी गेली?"

मग रात्री एक वाजता कापाकापी. मूळ वाक्य होतं, "तू माझी सावली होतीस, तुझ्याविना हे घर आता सुनं होणार." भाऊ म्हणाला, चाललीये कुठे ती? कोथरूडहून कर्वेनगरला. मग तेच लिही की!
शेवटी बोलले ते असं: "घर सुनंबिनं काही होणार नाही. ती कर्वेनगरला चाललीये. दहा मिनिटं. सिग्नल लागला तर बारा. आणि ज्या स्कूटीवरून येईल, ती माझी."

माया, त्याग, निरागस असले शब्द अकरा निघाले. सगळे उडवले. जिथे खरी घडलेली गोष्ट आठवली तिथे ती घातली, नाही आठवली तिथे काहीच नाही. सात मिनिटांचं तीनवर आलं. हळवं एकच ठेवलं, तेही शेवटी: सीएला नापास झाले त्या संध्याकाळी ती गच्चीत आली, काही न बोलता शेजारी बसली. हातात दोन वडापाव. एक अर्धा खाल्लेला.
तुमचं काय झालं?

पावशेर
"कधी गेली" 😂😂 ऑफिसात आहे, सगळे बघतायत

सुगरण७२
आमच्याकडे भाषण नाही, उखाणाच. कोणाकडे जरा वेगळा, मोठा उखाणा आहे का? भाचीचं आहे डिसेंबरमध्ये.

माइकवाली
संगीत-रिसेप्शनची निवेदनं करते, म्हणून आगाऊपणा. रेवडी, तुझं स्कूटीचं वाक्य का जमलं माहितीये? "माझी" शेवटी आलं. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे गमतीचा शब्द मधेच अडकतो आणि लोक हसायला लागतात तेव्हा आपण अजून "होता" म्हणत असतो. "दादा हेल्मेट घालून पोहे खायला बसला होता" असं नको. "दादा पोहे खायला बसला. हेल्मेट घालून." आणि मग गप्प. हशा पूर्ण विरू द्यायचा, समजावत बसायचं नाही. मोठ्याने वाचून बघा, कागदावर हे कळतच नाही.

बंडूनाना
एवढं कशाला? सुरुवातीला व्हॉट्सॲपवरचा एखादा नवरा-बायकोचा विनोद टाकायचा, हॉल आपला.

माइकवाली
नाना, सुरुवात हसरी हवी हे बरोबर. पण तो विनोद हॉलमधल्या निम्म्यांच्या फोनवर सकाळीच येऊन गेलेला असतो.

मामा_सिंहगडरोड
माझं उलटं झालं. हळवं नको म्हणून सगळंच काढलं आणि भाचीच्या रागावर ओळीने पाच किस्से सांगितले. आमची बाजू लोळतेय, सासरची बाजू गंभीर. ते तिला महिनाभरच ओळखत होते ना. तिचा चेहरा अजून आठवतो. माफी मागितली, ती म्हणते विसरले. विसरली नसावी.

रेवडी
अरेरे मामा. 🙁 निदान दोन किस्से स्वतःवर घ्यायचे होते.

चिन्मय_९
रविवारी मित्राचं लग्न आहे, वाचवा. लिहिलंय: "तो माझ्या प्रत्येक सुखदुःखात सावलीसारखा माझ्या पाठीशी उभा राहिला."

पावशेर
परत सावली. पुण्यात ऊन फार.

माइकवाली
कुठे उभा राहिला? एक प्रसंग सांग.

चिन्मय_९
शनिवारवाड्यापाशी बाइक बंद पडली रात्री. टिळक रोडपर्यंत ढकलत नेली. म्हणजे ढकलली मी. तो वर बसून "डावीकडे घे" सांगत होता.

माइकवाली
झालं की! सावलीचं वाक्य काढू नकोस, अगदी भारावून म्हण. लोकांना वाटू दे, आता हा रडणार. मग बाइक. "टिळक रोडपर्यंत तो माझ्या पाठीशी नव्हता. सीटवर होता." शेवटी मात्र एक खरं वाक्य बोल आणि थांब. त्यावर विनोद नको.

बंडूनाना
नाही पटत. रडवून माइक खाली ठेवला की पुढच्याने काय करायचं? शेवट हसूनच हवा.

रेवडी
माझ्या वडापावावर अर्धे हसले, अर्धे रडले. आई दोन्ही.

चिन्मय_९
मित्राची आजी पहिल्या रांगेत असेल. तिला अजून वाटतं बाइक त्यानेच ढकलली 😬

सुगरण७२
मग उखाणा कोणाकडेच नाही का?

पावशेर
ताई, "टिळक रोडला बाइक ढकलते..." इथपर्यंत झालाय, पुढचं तुम्ही बघा.